बिल आलं की आधी पाच टक्के

अरे, नोकरी सोडून विम्याची एजन्सी पूर्णवेळ करायचं ठरवलंस, चांगलं केलंस. सांगली-तासगावच्या पट्ट्यात माणसं ओळखीची आहेत, धंदा होईल. पॉलिसी कशी विकायची हे तुला मी शिकवायची गरज नाही. मला बोलायचंय ते बिलाचे पैसे बँकेत जमा झाल्यानंतरचं. कमिशन भरपूर मिळवूनही डिसेंबरच्या पंधरा तारखेला उसने पैसे शोधणारे एजंट मी या धंद्यात बरेच पाहिले. त्यांची कमाई कमी नव्हती. सरकारचा वाटा वेगळा काढायची सवय त्यांना नव्हती, एवढंच.

नोकरीत तुझा कर मालक कापायचा. हातात येईल तो पैसा तुझा, असं समजून तू खर्च करायचास आणि ते बरोबरही होतं. आता तसं नाही. कंपनी कमिशनमधून टीडीएस कापते, पण तो फक्त दोन टक्के. १ एप्रिल २०२५ च्या आधी तो पाच टक्के होता. दोनावर आल्यावर पुष्कळ एजंटांना वाटलं, कर कमी झाला. कर कमी झाला नाही, कापणं कमी झालं. आधी कंपनी जे परस्पर भरत होती त्यातला तीन टक्क्यांचा भाग आता तुझ्या खात्यात येतो आणि तो तुझाच असल्यासारखा दिसतो. ज्याचं उत्पन्न करपात्र आहे, त्याने हा फरक स्वतः भरायचा असतो.

तो भरण्याच्या तारखा एकदा पाठ कर. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेव. सप्टेंबरला ४५ टक्के म्हणजे जूनचे १५ धरून ४५, वेगळे ४५ नव्हेत. तुझा एखादा डॉक्टर किंवा आर्किटेक्ट मित्र सांगेल, “मी तर मार्चमध्येच एकदम भरतो.” तो खोटं बोलत नाही. ठरावीक व्यावसायिकांना आणि छोट्या व्यापाऱ्यांना अंदाजित नफ्यावर कर भरायची सवलत आहे आणि ती घेणाऱ्यांना सगळा कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. पण कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ती सवलत नाही. आपल्याला प्रत्यक्ष उत्पन्नातून प्रत्यक्ष खर्च वजा करून हिशेब मांडावा लागतो आणि हप्तेही चारच. त्याचं ऐकून तू मार्चपर्यंत थांबू नकोस.

आता आपल्या धंद्यातली खरी अडचण सांगतो. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. त्यामुळे एप्रिलमध्ये वर्षाचा अंदाज मांडायला बसलेल्या एजंटाला साडेअकरा-बारा लाख दिसतात आणि तो वही मिटून टाकतो. पण आपल्याकडे वर्ष सरळ चालत नाही. जून-जुलैत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. उसाचं बिल थंडीत यायला लागतं, द्राक्षाचा आणि हळदीचा पैसा फेब्रुवारी-मार्चपासून खेळतो. नोकरदारही पॉलिसीचं बोलणं मार्चअखेरीसच काढतो. म्हणजे वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात अंदाज बांधायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात कमाई व्हायची. अंदाज चुकतो तो बहुधा खालच्या बाजूला.

आणि बारा लाखांची ती रेघ नीट समजून घे, कारण ती ओलांडली की काय होतं हे लोकांना माहीत नसतं. रेघ ओलांडल्यावर कर फक्त वरच्या रकमेवर पाच-दहा टक्के लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात सवलत जाते आणि चार लाखांच्या वरच्या सगळ्या टप्प्यांवरचा कर पुढे येतो, तो बारा लाखांना ६०,००० रुपये होतो. एक रुपया जास्त कमावला म्हणून साठ हजार भरायला लागू नयेत, यासाठी कायद्यात थोडा दिलासा आहे. बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम, तेवढाच कर, त्याहून जास्त नाही. पण याचा अर्थ उलट बाजूने वाच. करपात्र उत्पन्न १२,७०,००० झालं तर वरच्या सत्तर हजारांवर कर सत्तर हजार, शिवाय चार टक्के उपकर, मिळून ७२,८००. म्हणजे बारा लाखांनंतरचे पहिले सत्तर हजार पूर्णच्या पूर्ण सरकारजमा. त्यापुढे मग नेहमीचा दर सुरू होतो. मार्चमधली एखादी मोठी पॉलिसी तुला शून्यावरून थेट तिथे नेऊन ठेवू शकते. शिवाय हा आकडा ठरतो तो सगळं मिळून: कमिशन, मुदत ठेवीचं व्याज, बचत खात्याचं व्याज, सगळं. बायकोच्या नावाने नसलेली, तुझ्या नावाची प्रत्येक ठेव अंदाजात धर.

माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका एजंटाचं २०२५-२६ हे वर्ष मी त्याच्याबरोबर बसून मांडलं होतं. त्याचे आकडे थोडे गोल करून तुला सांगतो. एप्रिलमध्ये त्याचा अंदाज होता: कमिशन १५ लाख, धंद्याचा खर्च ३ लाख, उरले १२ लाख. कर शून्य. त्याचं म्हणणं, मग बाजूला काय काढायचं? मी म्हटलं, तरीही प्रत्येक बिलातून पाच टक्के काढ. नाही लागले तर ते तुझेच आहेत.

वर्ष संपलं तेव्हा कमिशन १८ लाख झालं होतं आणि खर्च ३ लाख २० हजार. करपात्र उत्पन्न १४ लाख ८० हजार. बारा लाखांपर्यंतचे साठ हजार आणि वरच्या दोन लाख ऐंशी हजारांवर पंधरा टक्क्यांनी बेचाळीस हजार, म्हणजे १,०२,०००. चार टक्के उपकर धरून १,०६,०८०. यातून कंपनीने कापलेला टीडीएस ३६,००० वजा केला की राहिले ७०,०८० रुपये. एवढे त्याने स्वतः भरायचे होते.

आता पाच टक्के पुरले का ते बघ. टीडीएस कापून खात्यात जमा झालेली रक्कम मोजायची, कारण आपल्या हातात तीच येते. १५ जूनपर्यंत त्याच्याकडे अडीच लाख आले होते, म्हणजे बाजूला साडेबारा हजार. पहिला हप्ता होता १०,५१२. १५ सप्टेंबरपर्यंत एकूण सहा लाख ऐंशी हजार आले, बाजूला ३४,०००, हवे होते ३१,५३६. डिसेंबरपर्यंत दहा लाख साठ हजार, बाजूला ५३,०००, हवे होते ५२,५६०. १५ मार्चला चौदा लाख साठ हजार, बाजूला ७३,०००, आणि हवे होते ७०,०८०. डिसेंबरला कसंबसं जमलं, पण जमलं. मार्चअखेरचं मोठं बिल पंधरा तारखेनंतर आलं, त्यातले पाच टक्के पुढच्या वर्षाच्या जूनसाठी तसेच राहिले.

हे पाच टक्के मी हवेतून काढले नाहीत आणि तूही दुसऱ्याचा टक्का उचलू नकोस. कृती सोपी आहे. गेल्या वर्षी टीडीएस सोडून स्वतः किती कर भरावा लागला ते घे, त्याला गेल्या वर्षी बँकेत आलेल्या कमिशनने भाग आणि जो टक्का येईल तो वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत ने, वर एक टक्का हात राखून घाल. त्या मुलाचं वर्षअखेरीस सत्तर हजार भागिले सतरा लाख चौसष्ट हजार म्हणजे जेमतेम चार टक्के आलं. कमिशन चोवीस लाख आणि खर्च चार लाख असता, तर स्वतः भरायचा कर १,६०,००० झाला असता आणि टक्का सातवर गेला असता. म्हणजे धंदा वाढला की रक्कमच नाही, टक्काही वाढतो. पाच टक्के हा तुझ्या सुरुवातीच्या एक-दोन वर्षांचा आकडा आहे, जन्माचा नाही.

सप्टेंबरनंतर हा टक्का एकदा नव्याने काढायचा. वर्षाचा नवा अंदाज मांड, त्यावरचा कर काढ, त्यातून टीडीएस, आतापर्यंत भरलेले हप्ते आणि करासाठी बाजूला काढलेली शिल्लक वजा कर. जे राहील त्याला मार्चपर्यंत येण्याची खात्री असलेल्या पैशाने भाग. खात्री असलेल्या, बरं का. ‘तो द्राक्षबागायतदार फेब्रुवारीत घेणार आहे’ ही खात्री नव्हे. आलेला टक्का सात असेल तर ऑक्टोबरपासून सात काढायचे. डिसेंबरच्या आठवड्यात एकदम खड्डा पडण्यापेक्षा हे कितीतरी सोसवतं.

पैसे ठेवायचे कुठे, हेही सांगतो. कमिशन ज्या बँकेत येतं तिथे नाही. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघड, तेच तुझं करखातं. त्याचं कार्ड घेऊ नकोस, ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडू नकोस. बिल जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी पाच टक्के तिकडे पाठवायचे, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. महिनाअखेरीला जे उरतं त्यातून काढू म्हणणाऱ्याचं काहीच उरत नाही. आणि हा पैसा शेअरमध्ये, म्युच्युअल फंडात घालायचा नाही. तीन महिन्यांत परत लागणाऱ्या रकमेवर चार पैसे जास्त मिळवायच्या नादात हप्त्याच्या आठवड्यात बाजार पडला, तर काय करशील? बचत खात्याचं व्याज मिळतं तेवढं पुरे.

आता जूनचा प्रश्न. अंदाज बारा लाखांच्या आसपास आहे, तर १५ जूनला भरायचं की थांबायचं? इथे मी तुला माझं मत सांगतो. गेल्या वर्षी बारा लाख ओलांडले असतील तर भर, विचार करू नकोस. ओलांडले नसतील आणि खरोखरच ठरत नसेल, तर जूनला पैसे करखात्यात तसेच ठेव आणि सप्टेंबरला निर्णय घे. कारण दोन्हीकडचं नुकसान मोजून बघ. त्या मुलाने जूनचा हप्ता चुकवला असता तर महिना एक टक्का दराने तीन महिन्यांचं व्याज, म्हणजे ३१५ रुपये लागले असते. उलट भरला असता आणि उत्पन्न बारा लाखांच्या आतच राहिलं असतं, तर साडेदहा हजार रुपये पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकले असते. नव्या एजंटाला ते साडेदहा हजार पावसाळ्यात लागतात. सप्टेंबरला मात्र थांबू नकोस. तिथे चुकलं तर व्याज ९४५, आणि मुख्य म्हणजे डिसेंबरला ७५ टक्के एकदम गाठावे लागतात.

कायद्यात थोडी सैलही आहे. जूनला पंधराऐवजी बारा टक्के आणि सप्टेंबरला पंचेचाळीसऐवजी छत्तीस टक्के भरले असतील, तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. पण ही टक्केवारी वर्षअखेरीस जो खरा कर ठरतो त्यावर मोजतात, तुझ्या जूनमधल्या अंदाजावर नाही. मार्चमध्ये अचानक मोठा धंदा झाला, ‘मला जूनमध्ये कसं कळणार होतं’ हे कितीही खरं असलं, तरी चालू धंद्याच्या कमिशनला त्या कारणाने सूट मिळत नाही. म्हणून अंदाज मांडताना गेल्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चचे आकडे समोर ठेव आणि किमान तेवढे तरी धर.

काहीच भरलं नाही तर? त्याच मुलाच्या आकड्यांवर चारही हप्ते चुकवून जुलैत विवरणपत्राबरोबर सगळा कर भरला असता, तर हप्ते चुकल्याचं व्याज ३,५३५ आणि वर्ष संपल्यावर कर बाकी राहिल्याचं वेगळं व्याज २,८०० असे सहा हजारांच्या वर गेले असते. व्याजाचा आकडा ऐकून माणूस म्हणतो, एवढंच ना! पण जुलैमध्ये ७०,०८० रुपये आणि वर हे व्याज एकरकमी आणायचं कुठून? एजंटाचा जुलै म्हणजे सगळ्यात कोरडा महिना, आणि शाळेच्या फिया नुकत्याच भरून झालेल्या. खरा मार तिथे बसतो.

घरखर्चाचं आता. तू घराला पगार द्यायचा आहेस, आणि तो गेल्या वर्षीच्या सरासरीवर ठरवायचा नाही, सगळ्यात वाईट महिन्यावर ठरवायचा. त्या मुलाच्या सगळ्यात हलक्या महिन्यात ८५,००० जमा झाले होते. त्यातून पाच टक्के म्हणजे सव्वाचार हजार करखात्यात. पेट्रोल, फोन, अर्धवेळ मुलीचा पगार, स्टेशनरी, ग्राहकांसाठीच्या डायऱ्या असा धंद्याचा महिन्याचा खर्च सत्तावीस हजार. राहिले ५३,७५०. म्हणून घरी दर एक तारखेला ५२,०००, ना कमी ना जास्त. चांगल्या महिन्यात दोन लाख आले तरी घरी ५२,००० च. वरचे पैसे कमिशनच्या खात्यात साठू द्यायचे. घराचे तीन महिने निघतील एवढी शिल्लक तिथे झाली की मगच त्यापुढचे गुंतवणुकीत किंवा गाडीच्या हप्त्यात. पहिल्या वर्षी घरच्यांना हे कंजूषपणाचं वाटेल. माझं ऐक, वहिनीला सोबत घेऊन बस आणि वही दाखव. आकडे समोर असले की भांडण होत नाही. व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये जूनअखेरपर्यंत लागतात, तेही याच धंद्याच्या खर्चात धर.

तो सगळ्यात वाईट महिना सावरून धरतं ते रिन्युअल कमिशन. पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं असतं पण ते एकदा येतं. रिन्युअल लहान असतं पण दरवर्षी येतं. ग्राहकाने हप्ता थांबवला की तेही थांबतं. म्हणून कोणाचा हप्ता कधी आहे याची यादी हीच तुझ्या घराच्या पगाराची यादी समज. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, महिन्याच्या हप्त्याला पंधरा. फोन त्याच्या आधी गेला पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या हातात मार्चमध्ये पैसा येतो त्याची पॉलिसी ऑगस्टच्या तारखेला काढून दिलीस, तर दोन-तीन वर्षांत ती बंद पडते आणि त्याचंही नुकसान होतं, तुझंही. प्रस्ताव भरतानाच त्याच्या पिकाचा महिना विचार.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ग्राहक म्हणेल, “पहिला हप्ता तुम्हीच भरा” किंवा “कमिशनातले थोडे परत द्या, दुसरा देतोय.” देऊ नकोस. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ ने कमिशनातून अशी सूट देणं आणि घेणं, दोन्ही मना आहे आणि त्याला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि हिशेबाच्या बाजूने बघितलंस तरी हे तुला बुडवतं. चाळीस हजार कमिशनातले पंधरा हजार परत दिलेस, तरी कंपनीच्या पुस्तकात आणि प्राप्तिकर खात्याकडे तुझ्या नावावर चाळीसच हजार दिसतात. कायद्याने मना असलेल्या गोष्टीचा खर्च उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणजे जे पंधरा हजार तुझ्याकडे नाहीत, त्यांच्यावरही कर तूच भरायचा. असा एजंट कितीही टक्के बाजूला काढो, त्याचा मेळ बसत नाही. मेळ बसत नाही असा एजंट भेटला की मी बहुतेक वेळा हेच कारण शोधतो आणि तेच सापडतं.

दुसरा मेळ चुकतो तो मार्चअखेरचा. ३१ मार्चच्या आत पूर्ण झालेल्या पॉलिसीचं कमिशन कंपनी मार्चमध्ये नोंदवते, टीडीएसही मार्चचा दाखवते, पण पैसे तुझ्या खात्यात एप्रिलमध्ये येतात. तू पासबुक बघून वर्षाचं उत्पन्न मांडलंस आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या AIS मध्ये आकडा जास्त निघाला, की गोंधळ होतो. येणं झालं की उत्पन्न धरायचं की हातात आलं की, हे पहिल्याच वर्षी सीएकडे बसून ठरव आणि मग दरवर्षी तसंच ठेव. येणं झालं की धरायचं ठरलं, तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाखेत जाऊन बस, कोणते प्रस्ताव ३१ तारखेच्या आत पूर्ण होणार ते विचार आणि त्यांचं कमिशन अंदाजात घाल. १५ मार्चनंतर उत्पन्न वाढलेलं दिसलं तरी ३१ मार्चपर्यंत भरलेला कर आगाऊ करच धरला जातो. त्या दोन आठवड्यांत राहिलेला फरक भरून टाकलास, तर एप्रिलपासून लागणारं व्याज टळतं.

भरण्याची कृती दहा मिनिटांची आहे, पण दोन ठिकाणी हात चुकतो. संकेतस्थळावर `e-Pay Tax` मध्ये गेल्यावर कराचा प्रकार विचारतात, तिथे `Advance Tax (100)` घ्यायचं. `Self-Assessment Tax (300)` हे वर्ष संपल्यावर विवरणपत्राच्या वेळी राहिलेल्या करासाठी असतं. दुसरं वर्ष. २०२५-२६ च्या कमाईसाठी `Assessment Year` २०२६-२७ निवडायचं असतं आणि घाईत लोक २०२५-२६ निवडतात. मग पैसे सरकारकडे जातात, पण तुझ्या त्या वर्षाच्या नावावर दिसत नाहीत आणि दुरुस्तीसाठी धावपळ करावी लागते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे. त्यात करनिर्धारण वर्ष जाऊन ‘करवर्ष’ आलं, म्हणजे २०२६-२७ ची कमाई ती २०२६-२७ याच करवर्षात. बदलाच्या काळात हीच चूक सगळ्यात जास्त होणार, तेव्हा पैसे भरण्याआधी पडद्यावरचं वर्ष दोनदा वाच. चलान निघालं की त्याची प्रत काढून वहीत लाव आणि थोड्या दिवसांनी ती रक्कम तुझ्या पॅनवर दिसते का ते तपास.

जुन्या करप्रणालीचा विचार तुझ्या मनात येईल, कारण आपण लोकांना कर वाचवायला म्हणूनच पॉलिसी विकतो. नव्या प्रणालीत त्या हप्त्याची वजावट मिळत नाही, तुलाही नाही. तुझं घरकर्ज आणि बाकीच्या वजावटी मोठ्या असतील तर दोन्ही बाजूंनी एकदा आकडे मांडून घे. पण धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला नोकरदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा जुनी घेतलीस की नवीत परत यायची संधी एकच. घाईने ठरवू नकोस.

बाकी वर्ष कसं जातं ते बघत बघत शिकशील. या महिन्याचं कमिशन बिल आलं, की त्याच संध्याकाळी दुसऱ्या बँकेत पाच टक्के पाठव आणि किती पाठवलेस ते मला फोन करून सांग. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन घरी ये. टक्का आपण दोघं बसून नव्याने काढू.